वजनावर विसंबलो

अर्धापूर परिसरातल्या केळीच्या बागांना विजेची मोटर मिळाली तरी विहिरीवरचं डिझेल इंजिन लगेच हटलं नाही. विजेचा नेम नसे आणि केळीला पाण्याचा खंड सोसत नाही, म्हणून एका सिलिंडरचं इंजिन तयार ठेवलेलं असे. माझी मिस्त्रीगिरी त्या इंजिनांवर सुरू झाली. पुढे नांदेड रस्त्याला चारचाकीचं गॅरेज टाकलं, पण इंजिनाबद्दलची माझी समज घडली ती त्या बिडाच्या जड चाकाशेजारी. ती समज अपुरी होती आणि तिच्यामुळे एका गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स माझ्या हातून खराब झाला. तो प्रकार कारणांसकट लिहितो आहे, कारण तेच काम इतर गॅरेजांतही होताना मला दिसतं.

आधी त्या जड चाकाचं, म्हणजे फ्लायव्हीलचं काम काय ते सांगतो. हँडल मारून इंजिन चालू केलेल्या माणसाला ते हातानेच कळलेलं असतं. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टनला हवा दाबावी लागत नाही. मग हँडल फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि वेग पुरेसा झाला की लिव्हर पाडायचा. त्या क्षणी पिस्टनपुढे हवा कोंडते. ती डिझेल पेटण्याइतकी दाबायची ताकद माणसाच्या मनगटात नसते. आधीच्या फेऱ्यांत आपण चाकात जी ताकद साठवली, तीच पिस्टनला वर ढकलून नेते आणि पहिला स्फोट होतो.

इंजिन चालू झाल्यावरही व्यवहार तोच राहतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा एका सिलिंडरमध्ये एकदा डिझेल पेटतं. दोन फेऱ्यांतला अर्धा फेरा इंजिन ताकद देतं. उरलेल्या दीड फेऱ्यात धूर बाहेर ढकलायचा, हवा ओढायची आणि ती दाबायची, म्हणजे ताकद खर्चच होते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात सेकंदाला साडेबारा स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाची जास्तीची ताकद चाक आपल्याकडे घेतं, त्यात त्याचा वेग किंचित वाढतो. मग पुढच्या दीड फेऱ्यात ती परत देतं आणि वेग किंचित उतरतो. चाक जितकं जड आणि वजन जितकं कडेला, तितका हा चढउतार कमी. चाक काढून टाकलं तर इंजिन पुढच्या स्फोटापर्यंत पोचणारच नाही.

यात वेगाचा वाटा वजनापेक्षा मोठा आहे. साठलेली ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८०० फेऱ्यांवर जितकी साठते त्याच्या चौपट १६०० वर. म्हणजे इंजिन हळू फिरत असतं, स्फोटांमधलं अंतर वाढलेलं असतं, तेव्हाच चाकाजवळचा साठा सर्वांत कमी असतो. राजकोटला बनणारी लिस्टर पद्धतीची इंजिनं ६५० फेऱ्यांवर चालत. त्यांना दोन्ही बाजूंनी एवढाली चाकं का, याचं उत्तर इथे आहे.

इतकं मला येत होतं आणि ते बरोबरही होतं. पण त्यातून मी एक सरसकट नियम काढला होता: हादरा आला की चाकात वजन वाढवा. विहिरीवरचं इंजिन पट्ट्याने नुसता पंप फिरवतं, तिथे हा नियम कधी खोटा पडला नाही. मोटारीत चाकाच्या पुढे क्लच असतो, गिअरबॉक्स असतो, लांब शाफ्ट असतात. त्या सगळ्यांची स्वतःची एक थरथर असते, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

माझ्याकडे आली ती चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल एसयूव्ही. मालक केळीचे व्यापारी, नांदेड, हिंगोली, लातूर अशी सतत फिरती. तक्रार अशी: गाडी उभी असताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड येते, क्लच दाबला की थांबते आणि इंजिन बंद करताना एक दणका बसतो.

क्लच दाबल्यावर आवाज थांबतो म्हटल्यावर मी इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं असं सांगून मोकळा झालो. तर्क चुकीचा नव्हता, अर्धवट होता. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज बंद होतो. पण गिअरच्या दातांची खडखडही त्याच कारणाने बंद होते. दोन्हींत फरक ऐकण्याचा आहे. बेअरिंगचा आवाज सलग घूं असा असतो आणि वेग वाढवत नेला की तोही चढत जातो. दातांची खडखड सुटी सुटी असते, इंजिनाच्या एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात उठते आणि पुढे विरते. शिवाय इंजिन बंद करतानाचा दणका बेअरिंगमुळे बसत नाही. तो दणका मालकांनी स्वतःहून सांगितला होता, मी तो कानाआड केला. गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंग बदललं, परत चढवला. खडखड तशीच होती.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लचही काढला आणि मागचं चाक पाहिलं. ते ड्युअल मास फ्लायव्हील होतं, ज्याला आम्ही डीएमएफ म्हणतो. हाताने फिरवलं तर पुढची बाजू जागेवर राहून मागची बाजू थोडी फिरत होती. मी म्हणालो, चाक तुटलंय. चाक खरोखर खराब झालेलं होतं, पण मी दिलेलं कारण चुकीचं होतं. ते तसं फिरायलाच हवं. नवं कोरं डीएमएफही हातात घेऊन पिळलं तर फिरतं.

१९८५ साली जर्मनीतल्या लुक कंपनीने असं चाक मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. त्याची रचना समजायला अवघड नाही. एका चाकाची दोन चाकं केलेली असतात. पहिलं क्रँकशाफ्टला बोल्टने घट्ट बसतं. स्टार्टर ज्या दातांना भिडतो तो रिंग गिअर याच्यावरच असतो. दुसरं चाक त्याच्या मागे, मधल्या बुशवर किंवा बेअरिंगवर मोकळं बसवलेलं. क्लच याच्यावर चढतो. पहिल्या चाकाच्या आत कडेने गोल खोबण असते, त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्या ग्रीसमध्ये धनुष्यासारख्या वाकलेल्या लांब स्प्रिंग बसवलेल्या असतात. दुसऱ्या चाकाला रिव्हेट मारलेल्या पत्र्याचे दोन पंख या स्प्रिंगांच्या मध्ये येतात. इंजिनाची सगळी ताकद पहिल्या चाकातून स्प्रिंगमध्ये, स्प्रिंगमधून पंखांवर आणि तिथून क्लचकडे जाते. लोखंडाला लोखंड थेट कुठेच जोडलेलं नाही.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. कंपनीचं नवं डीएमएफ महाग होतं, साध्या एकसंध चाकाच्या कित्येक पट. आणि बाजारात त्याच गाडीसाठी एकसंध चाक आणि स्प्रिंगवाली क्लच प्लेट असा संच मिळत होता. मालकांनी विचारलं, ‘‘उस्ताद, तुम्ही सांगाल तसं करू. चालंल का ते?’’ मी ते एकसंध चाक हातात घेतलं. जड होतं, भरीव होतं, त्यात मोडण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, ‘‘मामा, हे आयुष्यभर जाईल. याच्यात स्प्रिंगच नाही तर तुटंल काय?’’ पैसे वाचवायचा आग्रह त्यांचा नव्हता. सल्ला माझा होता आणि मी तो ठासून दिला होता.

गाडी सुरू झाली. बंद करतानाचा दणका गेला, म्हणून मला आपलं बरोबर ठरल्यासारखं वाटलं. पण काही दिवसांत मालक परत आले. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, काटा १३०० ते १७०० च्या मध्ये असताना, गाडी घुमते आणि गिअरचा दांडा हातात बधिर करणारी थरथर देतो. मी सांगितलं, नवीन क्लच आहे, बसेल. ही माझी सर्वांत वाईट चूक होती, कारण तोवर गिअरबॉक्स शाबूत होता आणि चाक परत बदलता आलं असतं.

घुमत का होती, हे मला बरंच नंतर, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका नातेवाइकाने कागदावर मांडून दाखवलं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. १५०० फेऱ्यांवर सेकंदाला पन्नास. इंजिनाचं चाक एका बाजूला, गिअरबॉक्सचे शाफ्ट दुसऱ्या बाजूला आणि मधे क्लच प्लेटच्या स्प्रिंग, या जोडीला स्वतःचा एक झुलण्याचा वेग असतो. झोका नेमक्या वेळेला ढकलत राहिलं तर हलक्या हातानेही तो उंच जातो. तसे स्फोटांचे धक्के या झुलण्याशी जुळले की थरथर वाढत जाते. एकसंध चाकाच्या मोटारीत ही जुळणी साधारण १३०० फेऱ्यांच्या आसपास होते. आणि ती त्या वेगापुरतीच नसते. घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला तर जुळणीच्या वेगाच्या सुमारे १.४ पट वर गेल्याशिवाय धक्का कमी व्हायला सुरुवातच होत नाही. १३०० ची १.४ पट म्हणजे १८०० च्या वर. त्याखाली गाडी चालवली की इंजिनाचा चढउतार गिअरबॉक्सकडे वाढूनच पोचतो. १५०० वर तो जवळपास तिप्पट निघतो.

डीएमएफ हीच जुळणी खाली ढकलतं. त्यासाठी ते एकदम दोन गोष्टी करतं. चाकाच्या वजनाचा मोठा वाटा स्प्रिंगच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या बाजूला नेतं, म्हणजे हलके शाफ्ट आता एकटे झुलत नाहीत, त्यांच्या जोडीला जड चाक आहे. आणि मधली स्प्रिंग फार मऊ ठेवतं. जड वस्तू मऊ स्प्रिंगवर सावकाश झुलते. त्यामुळे जुळणीचा वेग १३०० वरून सुमारे ३०० फेऱ्यांवर येतो. इंजिन कमीत कमी ८०० वर फिरतं, म्हणजे चालू गाडी त्या वेगाला कधी जातच नाही. त्याच हिशेबाने १५०० वर गिअरबॉक्सकडे जाणारा चढउतार चोविसाव्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे आकडे इतके टोकाचे नसतात, पण एकीकडे तिप्पट आणि दुसरीकडे चोविसावा हिस्सा, हे कागदावर पाहिल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

मी विचारलं, मग क्लच प्लेटमध्येच मऊ स्प्रिंग का घालत नाहीत? त्याचं उत्तर जागेत आहे. मऊ स्प्रिंगने इंजिनाची पूर्ण ताकद पेलायची तर तिला लांबवर दबायला वाव हवा. क्लच प्लेटमध्ये छोट्या खिडक्यांत बसलेल्या आखूड स्प्रिंगना तो नसतो, म्हणून त्या कडक ठेवाव्या लागतात. फ्लायव्हीलच्या कडेला लांब वाकडी स्प्रिंग मावते. कमी वेगावर जास्त ताकद देणारी आजची डिझेल इंजिनं आली, त्यांना ही मऊ स्प्रिंग लागणारच होती.

गंमत म्हणजे एकूण वजनात मोठा फरक नाही. डीएमएफमध्ये क्रँकला थेट चिकटलेलं वजन उलट कमी असतं, त्यामुळे खुद्द क्रँकचा वेग थोडा जास्तच चढतो-उतरतो. हादरा नाहीसा होत नाही. तो स्प्रिंगच्या अलीकडे, इंजिनातच ठेवला जातो. मी मात्र वजन सगळं अलीकडे आणून गिअरबॉक्सला उघडं पाडलं होतं.

त्याचं काय झालं ते गाडी पाचवा गिअर सोडायला लागली तेव्हा दिसलं. गिअरबॉक्समध्ये सगळ्या जोड्यांचे दात कायम एकमेकांत असतात. त्यातली एकच जोडी शाफ्टला जखडलेली असते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. दातांमध्ये थोडी फट ठेवलेली असतेच. इनपुट शाफ्ट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झटकत असेल, तर मोकळ्या गिअरचे दात त्या फटीत तितक्याच वेळा आपटतात. तीच खडखड. बॉक्स उघडला तेव्हा सिंक्रो रिंग झिजलेल्या होत्या, क्लच प्लेट सरकते त्या शाफ्टच्या खाचा घासून पायरीसारख्या झाल्या होत्या आणि मीच बदललेलं बेअरिंग पुन्हा आवाज करत होतं. तेलात पितळेची चमक तरंगत होती.

आता डीएमएफच बसवायचं ठरलं. गिअरबॉक्सच्या कामाची मजुरी मी घेतली नाही आणि सुट्या भागांचा निम्मा खर्च उचलला. पण नवं चाक लावण्याआधी एक प्रश्न उरत होता, जो मी पहिल्या वेळी विचारलाच नव्हता. पहिलं डीएमएफ मुळात का गेलं?

स्कॅनर लावून इंजिन सुस्तीत सोडलं आणि चारही सिलिंडरचं डिझेल दुरुस्तीचं माप पाहिलं. तिसऱ्या सिलिंडरला कंट्रोल युनिट बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल देऊ पाहत होतं, म्हणजे तो सिलिंडर ताकदीत मागे पडत होता. इंजेक्टर तपासायला दिला, तो खराब निघाला. चारातला एक स्फोट कमजोर असला की दोन फेऱ्यांत एकदा येणारा संथ, मोठा हेलकावा तयार होतो. ८०० वर स्फोटांचे धक्के सेकंदाला सत्तावीसच्या आसपास असतात, पण हा हेलकावा सेकंदाला सातच्या जवळ येतो. ३०० फेऱ्यांवरची जुळणी म्हणजे सेकंदाला दहा धक्के. डीएमएफ ज्या संथ झुलण्यापासून लांब राहायला हवं, त्याच्या शेजारी आजारी इंजेक्टर त्याला रोज नेऊन बसवत होता.

दुसरं कारण बॅटरीत सापडलं. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना ३०० चा टप्पा ओलांडावाच लागतो. जोरदार सेल बसला तर तो क्षणात ओलांडला जातो. बॅटरी मरगळलेली असली, अर्थिंगची पट्टी गंजलेली असली की इंजिन त्या टप्प्यातच रेंगाळतं, स्प्रिंग शेवटपर्यंत दबतात आणि दोन्ही चाकं एकमेकांच्या टोकांवर आदळतात. या गाडीची अर्थिंगची पट्टी बोटाने हलत होती. तिसरी गोष्ट मालकांच्या सवयीची. डिझेल वाचावं म्हणून ते पाचव्या गिअरमध्ये १००० वर गाडी ओढायला लावत. कमी वेगात जास्त ताकद मागितली की स्प्रिंग पूर्ण दबलेल्याच राहतात, मग धक्का झेलायला वाव उरत नाही.

इंजेक्टर, बॅटरी आणि अर्थिंग आधी केलं, चाक नंतर. क्रँकचे बोल्ट नवे घेतले, कारण ते एकदा ताणून बसवण्याचेच असतात. खडखड गेली आणि १५०० वर गिअरचा दांडा शांत राहिला.

त्यानंतर डीएमएफ हातात आलं की मी ते नुसतं फिरवून निकाल देत नाही. दोन गोष्टी मोजतो. मागचं चाक एका बाजूला स्प्रिंगचा ताण लागेपर्यंत फिरवायचं, मग उलट बाजूला, आणि मधला मोकळा कोन पाहायचा. नंतर डायल गेज लावून चाक पुढे-मागे किती डुलतं ते पाहायचं. त्यावरून मधल्या बुशची झीज कळते. दोन्हींची मर्यादा प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, ती कंपनीच्या तक्त्यातच बघावी लागते. ग्रीसचा हलका ओलावा चालतो, पण बेलहाउसिंगभर उडालेलं ग्रीस म्हणजे आतली स्प्रिंग कोरडी पडली. क्लचच्या बाजूला निळे डाग आणि तडे दिसले तर चाक तापलेलं आहे. त्या तोंडाला लेथवर फेस मारून घेण्याची आमच्याकडची जुनी सवय इथे चालत नाही. मागचं चाक बुशवर मोकळं असल्याने लेथवर ते घट्ट धरताच येत नाही आणि पातळ झालं की क्लचची उष्णता सरळ ग्रीसपर्यंत पोचते.

एकसंध चाकाचा संच मी आणखी काही गाड्यांना लावून दिला होता. त्या मालकांना फोन करून बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. काहींनी चाक बदललं. एकांना आता तो खर्च जमण्यासारखा नाही, त्यांना मी चौथा-पाचवा गिअर १८०० च्या खाली वापरू नका म्हणून सांगितलं आहे. त्यात डिझेल थोडं जास्त जातं आणि गिअरबॉक्सचं तेल मी वेळेआधी बदलून देतो. दर वेळी ते गाळून पितळेचे कण पाहतो.